टक्का खर्चावरचा की विक्रीवरचा? भाव ठरवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या छोट्या उत्पादकांचे हिशोब मी लिहितो. डाळ, मसाले, पापड, घाण्याचं तेल असे धंदे. खर्च काढून त्यावर नफा चढवायचा आणि भाव ठरवायचा, हीच बहुतेकांची पद्धत आहे आणि ती चुकीची नाही. चूक होते ती टक्का कशाचा, हे न ठरवल्यामुळे. म्हणून इथे सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर दिली आहेत. औसा तालुक्यातलं एक जोडपं लाकडी घाण्यावर करडीचं तेल काढतं. त्यांच्या हिशोबातले आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. आजच्या मोंढ्यातला भाव म्हणून ते वाचू नयेत.

खर्चावरचा टक्का आणि विक्रीवरचा टक्का, यांत नेमका फरक काय?

जुन्या व्यापाऱ्यांची "रुपयाला चार आणे सुटतात" ही बोली घ्या. हे चार आणे खरेदीच्या रुपयावर सुटतात की विक्रीच्या रुपयातून?

खरेदीच्या रुपयावर असतील, तर सोळा आण्यांचा माल वीस आण्यांना विकला. खर्चावर नफा चार भागिले सोळा, म्हणजे २५ टक्के. हाच नफा विक्रीवर मोजला तर चार भागिले वीस, म्हणजे २० टक्के. विक्रीच्या रुपयातून चार आणे सुटत असतील, तर गिऱ्हाईकाने सोळा आणे दिले आणि माल बारा आण्यांचा होता. आता विक्रीवर नफा २५ टक्के झाला आणि खर्चावर तो चार भागिले बारा, म्हणजे ३३.३३ टक्के.

नफ्याचे आणे दोन्ही वेळा चारच आहेत, पण माल वेगळा आणि भाव वेगळा. खर्चावरच्या टक्क्याला मार्कअप म्हणतात आणि विक्रीवरच्या टक्क्याला मार्जिन. बाजारात मात्र दोन्हींना सर्रास मार्जिनच म्हणतात.

तोंडी हिशोबाला अपूर्णांक बरे पडतात. खर्चाचा चौथा हिस्सा चढवला तर तो विक्रीचा पाचवा हिस्सा होतो. पाचवा चढवला तर विक्रीचा सहावा. उलट जाताना विक्रीचा पाचवा हिस्सा हवा असेल, तर खर्चाचा चौथा चढवावा लागतो. खर्चावरून विक्रीकडे जाताना खालचा आकडा एकाने वाढतो, परत येताना एकाने कमी होतो.

शाळेत तर शेकडा नफा खरेदी किमतीवरच काढायला शिकवलं. मग विक्रीवर कोण मोजतं?

गोंधळाचं मूळ तिथेच आहे. शाळेच्या गणितात शेकडा नफा खरेदी किमतीवर असतो, म्हणून आपल्या घाण्यावर, कारखान्यात, घरी सगळे तसाच बोलतात. दुकानदार, वितरक, ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्या आणि ताळेबंद वाचणारे बँकवाले मात्र विक्रीवर मोजतात, कारण त्यांच्या हातात पहिला आकडा विक्रीचा येतो. दुकानदाराला आपल्या घाण्याचा खर्च ठाऊक नसतो, त्याला बाटलीवरची एमआरपी दिसते. दोन्ही बाजू खरं बोलत असतात, फक्त पाया वेगळा असतो. म्हणून टक्का ऐकला की पहिला प्रश्न विचारावा: कशावर?

एक साधी खूण सांगतो. मार्कअप शंभराच्या वर जाऊ शकतो, पण मार्जिन शंभराला कधीच पोचत नाही, कारण माल फुकट मिळाला तरच सगळी विक्री नफा ठरेल. कुणी "दीडशे टक्के मार्जिन आहे" म्हणाला, तर तो खर्चावरच बोलतोय हे नक्की.

लिटरला काय पडतं, हे कसं काढायचं?

या जोडप्याचं वर्षाला ६,००० लिटर तेल निघतं. त्यांच्या घाण्यावर एका लिटरला साधारण ४ किलो करडी लागते. करडी ६० रुपये किलो धरली तर २४० रुपये होतात. त्यातून सुमारे ३ किलो पेंड निघते आणि ती २० रुपये किलोने जनावरांना जाते, म्हणून ६० रुपये परत येतात. करडीचा निव्वळ खर्च राहिला १८०.

त्यावर लिटरमागे वीज ८ रुपये, बाटली, झाकण, लेबल आणि खोका मिळून १७, मजुरी ३०, भाडं आणि दुरुस्ती १५, यंत्राचा घसारा १०. हे झाले ८०. लिटरला पडले २६० रुपये.

यातल्या दोन ओळी लोक हमखास गाळतात. पहिली मजुरीची. "आम्ही घरचेच दोघं करतो, मजुरी कसली?" हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो. उद्या वहिनी आजारी पडल्या तर घाण्यावर माणूस ठेवावा लागेल आणि तो पैसे मागेल. अर्धा दिवस काम असतं, म्हणून दोघांचे मिळून महिना १५,००० धरले. वर्षाचे १,८०,००० झाले, लिटरला ३०.

दुसरी ओळ घसाऱ्याची. यंत्र आणि शेडची मांडणी ६ लाखांची, दहा वर्षं चालेल असं धरलं, म्हणून वर्षाला ६०,००० आणि लिटरला १०. सरकारी योजनेतून अनुदान मिळालं असेल तरी घसारा पूर्ण किमतीवर धरावा, असं माझं ठाम मत आहे. दहा वर्षांनी घाणा बदलायची वेळ येईल तेव्हा अनुदान पुन्हा मिळेलच असं नाही.

आता यावर नफा किती टक्के चढवायचा? सगळे वीस टक्के चढवतात.

"सगळे चढवतात" हे कारण होत नाही. टक्का शेवटी निघायला हवा, सुरुवातीला नाही. सुरुवात भांडवलापासून करावी.

यंत्र आणि मांडणीत ६ लाख गुंतलेत. करडी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, मोंढ्यात आवक असते तेव्हाच वर्षाची २४० क्विंटल भरून ठेवावी लागते. त्या दिवशी १४ लाख ४० हजार लागतात, पण साठा महिन्यामहिन्याला उतरत जातो, म्हणून वर्षभर सरासरी निम्मे, म्हणजे अंदाजे ७ लाख अडकून असतात. एकूण भांडवल १३ लाख.

या पैशावर किती परतावा हवा, ते मालकाने सांगायचं. मी दादांना विचारलं, तर ते म्हणाले, "गावात शेकडा दोनने पैसे फिरतात. घाण्यातून तेवढं तरी निघालं पाहिजे." शेकडा दोन दरमहा, म्हणजे वर्षाला २४ टक्के. आकडा चढा वाटेल, पण साठ्याला कीड लागणं, भाव पडणं, उधारी बुडणं या सगळ्या जोखमी त्यांच्याच अंगावर आहेत.

१३ लाखांचे २४ टक्के म्हणजे ३,१२,००० रुपये. वर्षाच्या ६,००० लिटरला वाटले तर लिटरमागे ५२ रुपये. भाव झाला २६० अधिक ५२, म्हणजे ३१२ रुपये.

आता टक्के काढा. ५२ भागिले २६० म्हणजे खर्चावर २० टक्के. ५२ भागिले ३१२ म्हणजे विक्रीवर १६.६७ टक्के. आणि भांडवलावर २४ टक्के. एकाच ५२ रुपयांची ही तीन नावं आहेत. मालकाला हवा होता तिसरा टक्का, पहिले दोन त्याच्या मागून आले. या वेळी मार्कअप "सगळे चढवतात" तेवढाच वीस निघाला, हा योगायोग. शेजारचा घाणेवाला दर महिन्याला करडी उचलत असेल तर त्याचा पैसा कमी अडकेल आणि त्याला वीसची गरज पडणार नाही.

बँकेचं व्याज खर्चात धरायचं का?

या पद्धतीत नाही. २४ टक्के आपण पूर्ण १३ लाखांवर मागितले आहेत आणि त्यात बँकेचे पैसेही आले. व्याज खर्चातही घातलं, तर ते गिऱ्हाईकाकडून दोनदा वसूल होईल आणि भाव उगाच वाढेल. समजा ५ लाख कर्ज १२ टक्क्यांनी घेतलं आहे. ३,१२,००० मधून ६०,००० व्याज जाईल, उरलेले २,५२,००० स्वतःच्या ८ लाखांवरचे. आयकर त्यानंतरचा.

दुकानदार "वीस टक्के मार्जिन द्या" म्हणतो. मग ३१२ वर वीस टक्के चढवून एमआरपी छापली तर चालेल ना?

नाही. ही चूक माझ्याच हातून झाली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानाने पहिल्यांदा या जोडप्याकडून २४० बाटल्या मागवल्या. फोनवर ठरलं, "वीस टक्के आमचे." वहीत २६० खाली ५२, बेरीज ३१२ असं लिहिलेलं होतं आणि बाजूला पेन्सिलीने माझ्याच अक्षरात "२०% मार्जिन". तो खरं तर मार्कअप होता. डोक्यात तेच गणित बसलेलं, म्हणून दुकानाचे वीसही तसेच चढवले. ३१२ चे झाले ३७४.४०, त्यावर ५ टक्के जीएसटी धरून एमआरपी ३९३ छापली. लेबलं चिकटली, माल गेला.

पैसे आले तेव्हा जीएसटी वगळून बाटलीमागे ३०० रुपयेसुद्धा पडत नव्हते. वहिनींनी फोन केला, "भाऊ, दुकानदाराने पैसे कापलेत." त्याने काहीच कापलं नव्हतं. त्याने विक्रीचे वीस टक्के घेतले होते. ३७४.४० चे वीस टक्के ७४.८८ होतात आणि आपण त्याच्यासाठी ६२.४० चढवले होते. मधले साडेबारा रुपये आपल्या ५२ मधून गेले. २४० बाटल्यांवर तीन हजारांच्या आसपास कमी आले.

तीन हजार सोसता येतात. पण सगळं तेल त्या भावाने गेलं असतं तर वर्षाला जवळपास ७५,००० कमी पडले असते आणि भांडवलावरचा परतावा २४ वरून १८ टक्क्यांवर आला असता.

बरोबर रीत अशी: दुकानाचे वीस गेल्यावर आपल्याला ८० उरतात. ते ८० म्हणजेच ३१२ रुपये, तर शंभर किती? ३१२ भागिले ०.८०, उत्तर ३९०. ताळा करा, ३९० चे वीस टक्के ७८ आणि ३९० मधून ७८ गेले की ३१२. विक्रीवरचा टक्का द्यायचा असेल तिथे गुणायचं नाही, उरलेल्या टक्क्यांनी भागायचं.

यात जीएसटी कुठे बसतो?

खाद्यतेलाला ५ टक्के आहे आणि एमआरपी सर्व करांसह छापावी लागते. फक्त मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत राज्यातल्या राज्यात नोंदणीची सक्ती नाही. या जोडप्याची तेल आणि पेंड मिळून उलाढाल साडेबावीस लाखांच्याही आत आहे, पण दुकानाला कराचं बिल हवं होतं म्हणून त्यांनी नोंदणी घेतली.

३९० वर ५ टक्के म्हणजे ४०९.५०, एमआरपी ४१० छापता येईल. कर आधी चढवून ०.८० ने भागलं, तरी ३२७.६० भागिले ०.८० म्हणजे ४०९.५०च येतं. क्रमाने फरक पडत नाही. फरक पडतो तो नफा मोजताना कर पोटात ठेवला तर. ४१० मधले जवळपास वीस रुपये आपलेही नाहीत आणि दुकानाचेही नाहीत, ते बाजूला काढूनच टक्के काढावेत.

मध्ये वितरकही असेल, किंवा ऑनलाइन विकायचं असेल तर?

आधी प्रत्येक टक्का कोणत्या भावावर आहे ते विचारा. ऑनलाइन कंपनी १५ टक्के कमिशन आणि ३ टक्के पैसे वळते करण्याचा आकार घेत असेल आणि दोन्ही एकाच विक्रीभावावर असतील, तर त्यांची बेरीज करून एकदाच भागा: ३१२ भागिले ०.८२, म्हणजे सुमारे ३८०.५०. वितरक आणि दुकान मात्र आपापल्या विक्रीवर मोजतात, तिथे पाठोपाठ भागावं लागतं. वितरकाचे ८ टक्के असतील तर ३१२ भागिले ०.९२ म्हणजे ३३९.१३, ते भागिले ०.८० म्हणजे ४२३.९१. दोन्ही भाव कर सोडून आहेत.

एक्सेलमध्ये कसं मांडायचं?

B1 मध्ये खर्च किंवा हाती यायला हवी ती रक्कम ठेवा, B2 मध्ये टक्का, % चिन्हासह. खर्चावरचा टक्का असेल तर पहिलं सूत्र, विक्रीवरचा असेल तर दुसरं. तिसरं सूत्र ताळ्याचं, त्यात B3 म्हणजे भाव.

```
=B1*(1+B2)
=B1/(1-B2)
=(B3-B1)/B3
```

तिसऱ्याचं उत्तर ठरलेल्या मार्जिनपेक्षा कमी आलं, तर चुकून पहिलं सूत्र वापरलं गेलं आहे. बाहेरून आणलेल्या तयार शीटमध्ये मी हाच ताळा सगळ्यात आधी करतो.

दिवाळीला दहा टक्के सूट दिली तर नफ्यातले दहाच टक्के जातात ना?

सूट विक्रीवर असते. ३१२ चे दहा टक्के ३१.२० आणि नफा ५२ होता. म्हणजे नफ्यातले साठ टक्के गेले. सूट द्यायचीच असेल तर रुपयांत ठरवा, लिटरला दहा रुपये असं. मग नफ्यातून किती गेलं ते समोर दिसतं.

करडीचा भाव बदलला तर तोच वीस टक्क्यांचा मार्कअप ठेवायचा?

पुष्कळजण ठेवतात आणि इथेच माझा त्यांच्याशी वाद होतो. करडी ६० वरून ४५ वर आली असं समजा, पेंडीचा भाव तसाच. खर्च २६० वरून २०० वर येतो. वीस टक्के चढवले तर नफा ४० रुपये. पण हवा किती? साठ्यात आता ७ ऐवजी सव्वापाच लाख अडकतील, यंत्राचे सहा लाख तसेच, एकूण ११ लाख २५ हजार. त्याचे २४ टक्के २,७०,००० आणि लिटरला ४५. वीसच्या मार्कअपने लिटरमागे पाच रुपये कमी पडले, वर्षाला ३०,०००.

भाव ७० झाला तर उलटं होतं. खर्च ३००, वीस टक्क्यांनी नफा ६०, पण गरज सुमारे ५६.६७ ची. तीन रुपये जास्तीचे चढले आणि तेही तेल आधीच महागलेलं असताना, गिऱ्हाईक हात आखडता घेत असताना.

करडीचा भाव खालीवर झाला तरी यंत्रात गुंतलेला पैसा हलत नाही, म्हणून एकच टक्का दोन्हीकडे बसत नाही. दर हंगामात करडी भरून झाली की १३ लाखांचा आकडा नव्याने लिहा आणि तिथून खाली या.

एवढं करून काढलेल्या भावाला तेल खपलंच नाही तर?

ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे. ३१२ या आकड्याच्या पोटात ६,००० लिटरचं गृहीतक आहे. ४,५०० लिटरच खपलं असं धरा. मजुरी, भाडं आणि घसारा मिळून वर्षाचे ३,३०,००० कमी होत नाहीत. ते लिटरला ५५ ऐवजी ७३ रुपये पडतात आणि खर्च २६० वरून २७८ वर जातो. ३१२ च्याच भावाने विकलं तर वर्षाचा नफा १,५१,५०० आणि भांडवलावरचा परतावा पावणेबारा टक्क्यांच्या आत. न खपलेली करडी पोत्यांतच असते, म्हणून भांडवलही मोकळं होत नाही.

अशा वेळी पद्धत आंधळेपणाने चालवली तर ती सांगेल, भाव ३४८ करा. तसं केलं की आणखी गिऱ्हाईक तुटतं, लिटर आणखी कमी होतात आणि पुढच्या वर्षी ती याहून मोठा आकडा सांगते. मी एक मसाल्याचा धंदा असा तीन वर्षांत बंद पडताना पाहिला आहे. दरवर्षी हिशोब बिनचूक होता.

म्हणून गिऱ्हाईक जास्तीत जास्त किती देईल, हा आकडा आधी वहीच्या वर लिहायला मी सांगतो. समजा घरून थेट विकताना लोक कर सोडून ३०० च्या वर जात नाहीत. मग उलट या. ३०० मधून २६० गेले, ४० उरले, वर्षाचे २,४०,०००. १३ लाखांवर ते साडेअठरा टक्क्यांच्या आत येतं. आता मालकापुढे स्पष्ट प्रश्न आहे: एवढ्यावर भागेल का, की साठा कमी करून अडकलेला पैसा उतरवायचा? औशाच्या या दादांनी दुसरा मार्ग घेतला. निम्मी करडी हंगामात भरली आणि उरलेल्या करडीसाठी गावातल्या दोन शेतकऱ्यांशी बोलणं केलं. त्यांनी माल आपल्या घरी ठेवायचा आणि दिवाळीआधी त्या दिवसाच्या मोंढ्याच्या भावाने घालायचा. तेव्हा भाव चढलेला असू शकतो, ही जोखीम त्यांनी समजून घेतली आहे. यंदा करडी घरात आली की १३ लाखांच्या जागी किती लिहायचं, ते आम्ही मिळून ठरवणार आहोत.